टॉन्सिल काढल्यावरचे चौदा दिवस

टॉन्सिलचं ऑपरेशन म्हणजे लहान मुलांचं प्रकरण, दोन दिवस आइस्क्रीम खायचं आणि कामाला लागायचं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. तिशीतला माणूस हे ऑपरेशन करून घरी येतो तेव्हा त्याच्याही मनात हेच असतं. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायचं सोडून वाढतं, आरशात घशाच्या दोन्ही बाजूंना पांढरट डाग दिसतात, कान ठणकायला लागतो आणि काहीतरी बिघडलं म्हणून सगळं घर घाबरतं. खरं तर त्यात काहीच बिघडलेलं नसतं. पुढे सातव्या-आठव्या दिवशी, जरा बरं वाटू लागलेलं असताना, तोंडात चमचाभर ताजं रक्त येतं आणि पाच मिनिटांत थांबतं. तेव्हा मात्र ‘थांबलं एकदाचं’ म्हणून सगळे परत झोपतात. धोक्याची वेळ नेमकी ती असते.

काळजी कधी करायची आणि कधी नाही, याची ही उलटापालट टाळायची असेल तर घशातली जखम कशी भरते हे आधी समजून घ्यावं लागतं. ते कळलं की डिस्चार्ज कार्डावरच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप सुचतात.

टॉन्सिल काढल्यावर ती जागा सहसा टाके घालून बंद करत नाहीत. रक्तवाहिन्या बांधतात किंवा विजेच्या उपकरणाने जाळून बंद करतात आणि उघडा स्नायू तसाच भरू देतात. चोवीस तासांत त्यावर पांढरट थर धरू लागतो. चार-पाच दिवसांत तो जाड होतो, पिवळसर किंवा राखाडी दिसतो आणि तोंडाला घाण वास येतो. गुडघा खरचटल्यावर खपली धरते तशी ही घशातली खपलीच. तोंड सतत ओलं असल्यामुळे ती तपकिरी न होता पांढरी राहते, इतकंच. तो पू नव्हे. बोटाने, चमच्याने किंवा ब्रशने तो थर खरवडू नये आणि पांढरं दिसतंय म्हणून उरलेली जुनी अँटिबायोटिक गोळी शोधून घेऊ नये.

साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात हा थर तुकड्यातुकड्याने सुटतो. त्याखाली नवी, गुलाबी, नाजूक त्वचा येत असते आणि तिच्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. थर वेळेआधी निघाला, कोरडा पडून तडकला किंवा तिथे जंतुसंसर्ग झाला तर एखादी वाहिनी उघडी पडते आणि रक्त येतं. पूर्ण जागा नव्या त्वचेने झाकली जायला सुमारे दोन आठवडे लागतात. डॉक्टर चौदा दिवसांची रजा लिहून देतात ती यासाठी.

रक्तस्रावाचं प्रमाण किती, याचा मोठा हिशेब इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ साली झाला होता. टॉन्सिलच्या सुमारे ३४ हजार ऑपरेशनांची नोंद त्यात ठेवली गेली. सगळ्या वयांचे रुग्ण धरून शंभरात तीन-चार जणांना नंतर रक्तस्राव झाला. सोळा वर्षांवरच्यांत हे प्रमाण शंभरात जवळपास पाच होतं आणि पाच वर्षांखालच्या मुलांत दोनच्या आत. म्हणजे वीस प्रौढांमागे साधारण एक. बहुतेकांना हा त्रास ऑपरेशननंतरचे पहिले चोवीस तास उलटून गेल्यावर झाला होता. याचा अर्थ सरळ आहे: रक्त यायचंच असेल तर त्या वेळी रुग्ण बहुधा वॉर्डात नसतो, घरी असतो. पहिला निर्णय डॉक्टरला नाही, घरच्या माणसांना घ्यावा लागतो.

या चौदा दिवसांचा प्रत्यक्ष हिशेब मांडण्यासाठी उदाहरणादाखल एक रुग्ण धरू. जिल्ह्याच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर राहणारी एकतीस वर्षांची शिक्षिका, वजन ६२ किलो, दुसरा कुठलाही आजार नाही. वर्षात सहा-सात वेळा टॉन्सिल सुजून ताप यायचा म्हणून ऑपरेशन ठरलं. गुरुवारी सकाळी ऑपरेशन, शुक्रवारी डिस्चार्ज. पहिल्या संध्याकाळी ती थोडी ग्लानीत होती. बाहेर पडताना तिला वाटलं की दुखणं सोसण्यासारखं आहे.

इथेच बहुतेक रुग्ण पहिली चूक करतात. फार दुखत नाही म्हणून गोळी टाळतात. वेदनेची गोळी दुखायला लागल्यावर घ्यायची ही सवय डोकेदुखीला चालते, या जखमेला चालत नाही. एकदा दुखणं चढलं की गिळवत नाही, गिळवत नाही म्हणून गोळी घेववत नाही, पाणीही जात नाही, घसा कोरडा पडतो आणि आणखी दुखतं. म्हणून पहिला आठवडा तरी गोळी घड्याळावर घ्यायची, दुखत असो वा नसो.

या शिक्षिकेच्या कार्डावर पॅरासिटामॉल ५०० च्या दोन गोळ्या दर सहा तासांनी लिहिल्या होत्या: सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. दिवसाचे चार ग्रॅम, म्हणजे निरोगी प्रौढासाठी जी कमाल मर्यादा मानतात तेवढे. ज्यांचं वजन पन्नास किलोच्या आत आहे, ज्यांना यकृताचा आजार आहे किंवा जे रोज दारू घेतात त्यांच्यासाठी डॉक्टर हा डोस कमी करतात. दुसरं औषध आयबुप्रोफेन ४००, दिवसातून तीन वेळा, काहीतरी खाल्ल्यावर. दोन्ही औषधांची काम करण्याची तऱ्हा वेगळी असल्यामुळे ती एकाच दिवशी चालतात आणि एकमेकांना पूरक ठरतात. आयबुप्रोफेनबद्दल मात्र सगळ्या सर्जनांचं मत एक नाही. रक्तस्रावाच्या भीतीने काही जण ते देत नाहीत. अल्सर, किडनीचा त्रास किंवा वेदनाशामकाने उठणारा दमा असेल तर ते घ्यायचंच नसतं. कार्डावर नसेल तर स्वतःहून सुरू करू नये.

गडबड होते ती मेडिकलच्या दुकानात. पाचशेची गोळी संपली म्हणून साडेसहाशेची आणली आणि सवयीने दोन-दोन चालू ठेवल्या तर दिवसाचे पाच ग्रॅम ओलांडले जातात. किंवा शेजारचं कुणी अंगदुखीवरची नेहमीची मिश्र गोळी सुचवतं. तिच्यात आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ दोन्ही असतात. वरून अशा तीन गोळ्या गेल्या की आयबुप्रोफेन दुप्पट होतं आणि पॅरासिटामॉल जवळजवळ पाच ग्रॅमवर जातं. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटक छापलेले असतात. ते वाचायचं काम घरातल्या एकाच माणसाने अंगावर घ्यावं आणि कागदावर वेळा लिहून प्रत्येक डोसला खूण करावी.

अ‍ॅस्पिरिन मात्र पूर्ण वर्ज्य. घसा दुखला की पाण्यात विरघळणारी अ‍ॅस्पिरिनची गोळी टाकून गुळण्या करायच्या, हा अनेक घरांतला जुना उपाय आहे. अ‍ॅस्पिरिनमुळे रक्त गोठायला अडथळा येतो आणि तो परिणाम एका डोसनंतरही कित्येक दिवस टिकतो. हृदयासाठी रोजची अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर ती पुन्हा कधी सुरू करायची याची तारीख डिस्चार्जच्या वेळीच लिहून घ्यावी. तो निर्णय हृदयाचे आणि घशाचे डॉक्टर मिळून घेतात, घरी घेण्याचा नाही.

खूपच दुखलं तर वापरायला म्हणून काही डॉक्टर ट्रॅमाडॉलसारखी जोरकस गोळी देतात. तिने झोप येते, मळमळतं आणि शौचाला कडक होते. शौचाच्या वेळी कुंथणं घशाच्या जखमेला चांगलं नाही, म्हणून सोबत पोट साफ राहण्याचं औषध मागून घ्यावं. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं यासाठी ज्यांचे टॉन्सिल काढले आहेत त्यांनी अशा गोळ्यांबाबत जास्त सावध असायला हवं, कारण त्या झोपेत श्वास मंदावतात. ही गोळी चालू असेपर्यंत गाडी चालवायची नाही, स्कूटरसुद्धा नाही.

रविवारी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, शिक्षिकेचं दुखणं वाढलं. सोमवारी कान इतका ठणकला की कानात थेंब घालू का, असं आईने विचारलं. कानाला काहीही झालेलं नव्हतं. टॉन्सिलच्या जागेची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूचीच एक शाखा कानात जाते. त्यामुळे घशातली कळ कानात जाणवते. कानात थेंब घालून काही उपयोग नाही, वेळेवर घेतलेली गोळी कानालाही लागू पडते. मोठ्या माणसांत तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंतचं दुखणं सगळ्यात जास्त असतं आणि दहा दिवसांनंतर ते उतरायला लागतं. ऑपरेशनच्या वेळी तोंड उघडं ठेवणारं उपकरण बसवलेलं असतं, त्यामुळे जबडा आणि जिभेलाही काही दिवस दुखरेपणा असतो.

जेवणाबद्दल घरोघरी सल्ले मिळतात आणि त्यातले बरेचसे उपासमारीकडे नेतात. दूध कफ वाढवतं, दही-केळं बाधतं, थंड घेऊ नको, गरम काढा पी. या जखमेला थंड आणि गारेगार पदार्थ बरे वाटतात, आणि दही-केळं चालत असेल तर आनंदाने खावं. गरम काढा, वाफाळता चहा आणि झणझणीत रस्सा पहिले काही दिवस नकोत. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि जखमेला झोंबतं ते वेगळंच. लिंबू सरबत, संत्र्याचा रस, टोमॅटोचं सार, आंबट ताक हेही झोंबतं. आमसुलाचं सरबत आणि बिटाचा रस आणखी एका कारणाने टाळावा: उलटी झाली तर लाल रंग रक्ताचा की सरबताचा, हे कळत नाही.

खायला काय, तर आपल्या स्वयंपाकघरात पुष्कळ आहे. मऊ दहीभात, साधं वरण आणि गुरगुट्या भात, कोमट पेज, नाचणीचं सत्त्व, रव्याची खीर, मऊ इडली, उकडून कुस्करलेला बटाटा, अंडं खात असतील त्यांना मऊ अंडं, शहाळं, थंड दूध, आइस्क्रीम. चिवडा, चकली, खाकरा, भाजलेला पापड आणि कडक टोस्ट दोन आठवडे डब्यातच राहू द्यावेत. त्यांच्या टोकदार कडा खपली खरवडतात. भाकरी दुधात कुस्करून खाता येते. काही डॉक्टर तर जमेल तसं लवकर नेहमीचं जेवण सुरू करायला सांगतात, कारण चावण्या-गिळण्याने घशाचे स्नायू आखडत नाहीत. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने जेवायला बसलं तर घास सहज उतरतो.

जेवण दोन दिवस कमी गेलं तरी चालतं, पाणी कमी जाऊन चालत नाही. दिवसभरात दोन ते अडीच लिटर द्रव पोटात जायला हवं. एकदम पेलाभर जात नसेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट. शिक्षिकेच्या घरी एक लिटरची बाटली तिच्या उशाशी ठेवली होती आणि दुपारच्या जेवणापर्यंत एक, रात्री झोपेपर्यंत दुसरी संपलीच पाहिजे असा नियम केला होता. पाणी पुरतंय की नाही हे लघवी सांगते. ती गडद पिवळी झाली, आठ-दहा तास झालीच नाही किंवा उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर शरीर कोरडं पडतंय. दिवसभर पाणीच जात नसेल तर दवाखान्यात सलाईन लावून घ्यावं लागतं. त्यात वेळ घालवू नये. पूर्वी झालेल्या टॉन्सिलच्या सुजेला मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या लागू पडल्या असतील, पण आता गरम पाणी आणि जोराची गुळणी दोन्ही नकोत. डॉक्टरांनी एखादं औषध दिलंच असेल तर ते तोंडात धरून अलगद सोडायचं. दात मात्र रोज मऊ ब्रशने घासायचे.

विश्रांती म्हणजे अंथरुणाला खिळून राहणं नव्हे. घरात चालावं, दोन उशा घेऊन डोकं थोडं वर ठेवून झोपावं. टाळायचं ते रक्तदाब एकदम चढवणारं काम: पाण्याची कळशी किंवा सिलिंडर उचलणं, जिम, धावणं, पोहणं, वाकून फरशी पुसणं, फार गरम पाण्याची आंघोळ. जोरात शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यावी. बोलायला हरकत नाही, पण शिक्षिका, विक्रेते, वकील यांनी वर्गातला किंवा बाजारातला आवाज लावायचा नाही. गर्दीचं लग्नकार्य आणि सर्दी-तापाचा पाहुणा दोन्ही टाळावीत. सिगारेट, तंबाखू, गुटखा, मिश्री आणि दारू पूर्ण बंद. तंबाखू जखमेला थेट लागते आणि भरणं लांबवते.

दूरचा प्रवासही चौदा दिवस नको. ही सूचना लोक सगळ्यात कमी पाळतात. बरं वाटलं म्हणून नवव्या दिवशी कोकणात कुलदैवताला निघालेल्या माणसाला घाटात रक्त आलं तर जवळ कान-नाक-घसा तज्ज्ञ असेलच असं नाही. म्हणून घरी जातानाच विचारून ठेवायचं: रात्री दोन वाजता फोन कुठल्या नंबरवर करायचा, आणि त्या वेळी ऑपरेशन करू शकणारं जवळचं रुग्णालय कोणतं. शिक्षिकेचं घर तासभर लांब होतं, म्हणून पाचव्या ते दहाव्या दिवसात ती जिल्ह्याच्या गावी मावशीकडे राहिली. डॉक्टरांनी तसं सुचवलं होतं, आणि ते फार उपयोगी पडलं.

पुढच्या बुधवारी रात्री तिला बरं वाटत होतं, पोटभर खिचडी गेली होती. मध्यरात्रीनंतर ती खारट-लोखंडी चवीने जागी झाली. थुंकल्यावर बेसिनमध्ये लालभडक रक्त दिसलं, दोन चमचे असेल. पहिल्या दिवशी थुंकीत गुलाबी रेघ दिसणं चालतं. त्यानंतर आलेल्या ताज्या लाल रक्ताला, ते कितीही थोडं असो, ‘बघू सकाळी’ म्हणायचं नाही. मोठ्या रक्तस्रावाआधी असा छोटा इशारा काही वेळा येतो, आणि थांबलेलं रक्त काही तासांत पुन्हा जोरात येऊ शकतं.

तिच्या मावशीने जे केलं ते अगदी बरोबर होतं. तिला आडवं होऊ दिलं नाही. बसवून पुढे वाकायला लावलं आणि रक्त गिळू नको, भांड्यात थुंक, असं सांगितलं. गिळलेलं रक्त पोटात जाऊन उलटी होते, शिवाय किती गेलं ते कळत नाही. फ्रिजमधल्या पाण्याने अलगद चूळ भरायला लावून बर्फाचा खडा चघळायला दिला. खायला-प्यायला दुसरं काही दिलं नाही, कारण भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं. दुसऱ्याने रुग्णालयात फोन केला आणि भांडं तसंच सोबत घेतलं. रक्त वाहतच असतं, चक्कर आली असती, अंग गार पडून घाम सुटला असता किंवा नाडी धडधडत असती तर खासगी गाडीची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा असतो. रुग्णाने स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

झोपेत रक्त आलं तर ते नकळत गिळलं जातं. सोबत झोपणाऱ्याच्या लक्षात यायला हवं ते हे: रुग्ण झोपेत सारखा गिळतोय, अस्वस्थ होतोय, उशीवर डाग आहेत, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी झाली. शौचाला डांबरासारखी काळी होणं हेही गिळलेल्या रक्ताचं लक्षण. रक्ताखेरीज आणखी काही गोष्टींसाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा: १०१ च्या वर चढून न उतरणारा ताप, तोंड उघडता न येणं, मान आखडणं, दहा दिवसांनंतर एकाच बाजूला वाढत जाणारं दुखणं. श्वास घ्यायला त्रास झाला तर दिवसाची नाही, मिनिटांची घाई असते.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत शिक्षिकेचं रक्त थांबलं होतं. तरीही डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं. सुई लावून रक्ताची तपासणी झाली, रक्त गोठायला मदत करणारं औषध शिरेतून दिलं गेलं. घसा पाहिल्यावर डाव्या बाजूला गुठळी दिसली. गुठळी तिथे बसून राहिली की खालची वाहिनी आकसून बंद होऊ शकत नाही, म्हणून डॉक्टरांनी ती काढली आणि पाझरणारी जागा औषधाने भाजून बंद केली. अशाने भागलं नाही तर पुन्हा भूल देऊन ऑपरेशन थिएटरमध्ये वाहिनी बंद करावी लागते. त्या इंग्रजी नोंदींत शंभरातल्या सुमारे एका रुग्णावर ती वेळ आली होती. तिला चोवीस तास देखरेखीखाली ठेवून सोडलं, आणि विश्रांतीचे चौदा दिवस त्या रात्रीपासून पुन्हा मोजायला सांगितले.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या घशातला पांढरा थर पूर्ण गेला होता आणि कानाची कळ थांबली होती. चहा जरा बेचव लागत होता. ऑपरेशनच्या वेळी जिभेवर दाब पडल्याने असं होतं आणि बहुतेकांची चव काही आठवड्यांत परत येते. टॉन्सिलचा नमुना तपासायला पाठवला असेल तर त्याचा रिपोर्ट फेरतपासणीच्या वेळी मागून घ्यायचा असतो, तोही तिने घेतला. शाळेत ती पहिल्या आठवड्यात दिवसाला दोनच तास घेणार आहे, आणि तेही माइक लावून.